दिवसाला दिवस

भिमाजीअण्णाच्या द्राक्षबागेत प्रत्येक ओळीच्या पहिल्या लोखंडी खांबाला, अँगलला, एक चिंधी बांधलेली असे. जिच्या साडीची चिंधी, तिची ओळ. घडाचा शेंडा चुकून कापला गेला, मण्याला नख लागलं, की अण्णा आधी चिंधी बघायचा आणि मग त्या बाईच्या सात पिढ्या उद्धरायचा. नावं त्याला पाठ नव्हती. सोळा बायांतल्या चौघींची असतील. बाकीच्या "ए ठिपक्याची", "ए निळी" अशाच.

निळी म्हणजे बायडाबाई. तिची जी साडी फाटली ती निळी होती, म्हणून चिंधी निळी. अण्णाला मात्र त्यात भलतंच काही दिसायचं. "झेंडा लावलाय जसा," असं तो येताजाता म्हणायचा. बायडाबाई ऐकून घ्यायची आणि कात्री चालवत राहायची.

तिची ओळ अगदी कडेची, टोकाला रस्त्याचं वळण आलेलं. येणारीजाणारी प्रत्येक जीप त्या ओळीवर धूळ टाकून जायची. बौद्धवाड्यातली बाई म्हणून तिला कडेची ओळ, आणि तिच्या शेजारची नूरजहाँला. असं कुणी बोललं नव्हतं, पण चार वर्षं ओळी वाटताना कधी चूकही झाली नव्हती.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर होता. मणी बाजरीएवढे झाले होते. विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कापून काढणं, याच आठ दिवसांत व्हायला हवी. मणी ज्वारीएवढे झाले की घड गच्च होतो आणि कात्रीचं टोक आत शिरत नाही. रविवारी औषधाच्या पाण्यात घड बुडवायचे ठरले होते. त्याआधी सगळ्या ओळी मोकळ्या व्हायला हव्या होत्या. म्हणून सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी अण्णा स्वतः बांधावर येऊन उभा राहिला.

हजेरी साळुबाई घ्यायची. टोळी तिची. ती नाव पुकारायची आणि जिची तिने "हाय" म्हणायचं. हजेरी झाल्यावर अण्णा म्हणाला, "ह्या आठवड्यात कुनाचं काय ऐकून घेनार न्हाई. कोन मरू द्या, कोन बाळंत होऊ द्या. दिवसाला सात झाडं. ओळ भरल्याली पायजे. रिकामी दिसली की चिंधी सोडून टाकीन, मग फुडच्या छाटनीलाबी हिकडं फिरकायचं न्हाई. बाई कोन हाय त्याच्याशी मला घेनंदेनं न्हाई, मला ओळ भरल्याली पायजे."

बोलताना तो बघत होता बायडाबाईकडे. तिने मान खाली घातली नाही.

दोघांनाही कारण माहीत होतं. बुधवारी मोजणी होती. बागेच्या त्याच कडेला लागून बायडाबाईचं बावीस गुंठ्यांचं वावर होतं, सासऱ्याला वतनात मिळालेलं. नवरा जयवंत अंथरुणाला खिळला त्या वर्षी अण्णाने बाग लावली आणि "बांध जरा सरळ करून घेतो" म्हणाला. सरळ करता करता बांध वावरात शिरला. जयवंत गेला. सातबाऱ्यावर बायडाबाईचं नाव लागायला दोन वर्षं गेली. नाव लागल्याबरोबर तिने जुन्नरला जाऊन मोजणीचा अर्ज केला. नोटीस दोघांना आली होती, अर्जदार म्हणून तिला आणि लगतचा म्हणून अण्णाला. नोटिशीत शेवटी लिहिलं होतं की अर्जदार जागेवर हजर नसेल तर प्रकरण निकाली काढलं जाईल. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा वर्षभर वाट बघणं.

मोजणीला गेली तर ओळ रिकामी. ओळ भरली तर मोजणी बुडाली. अण्णाने बरोबर नेम धरला होता.

दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभं राहायचं. घड वरून लोंबतात, मान मागे टाकून बघावं लागतं. दुपारपर्यंत मानेत लोखंडाची कांब घातल्यासारखं होतं. डाव्या हाताने घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मग घडाची एक पाकळी, म्हणजे मण्यांचा एक फाटा, ठेवायची, एक काढायची, खालचा शेंडा तेवढा नीट राखायचा. कापलेले हिरवे मणी तोंडावर, गळ्यात, झंपरात पडतात. पानांवर फवारलेलं मोरचूद केसांत उतरतं. एका झाडाला तीस-पस्तीस घड. सात झाडं झाली की संध्याकाळी भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत न्यायलाही हात नको म्हणतो. अकरा झाडं कुणी केल्याचं साळुबाईच्या टोळीत कुणाला आठवत नव्हतं.

दुपारी जेवायला बसल्यावर बायडाबाईने फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा घेतला आणि नूरजहाँजवळ सरकली.

"नूरजहाँ, तुला एक काम सांगायचंय. न्हाई म्हनालीस तरी राग न्हाई. आधीच सांगते."

नूरजहाँ हसली. "मग आधी सांग तर खरं."

"बुधवारी माझी मोजनी हाय. मला दिवसभर हितं येता यायचं न्हाई. सात झाडं पडतील. त्यातलं एक मी आज वाढवून करते, दोन उद्या करते. ऱ्हातील चार. ती चार बुधवारी तू करशील का? तुझी सात धरून अकरा व्हतील. लई हायेत, मला ठावं हाय."

नूरजहाँ आपली बोटं बघत बसली. कात्रीच्या कडीने अंगठ्याला पडलेला घट्टा ती दाताने कुरतडायची. तशीच आताही कुरतडत होती.

"आन त्याच्या बदल्यात?" ती म्हणाली. तिने हे चेष्टेने विचारलं होतं, पण बायडाबाईने ते चेष्टेवर नेलं नाही.

"दिवसाला दिवस. पैशाचं काय न्हाई. तू सांगशील त्या दिशी तुझी ओळ माझी. कशापायी ते इचारनार न्हाई. फकस्त एक दिवस आदुगर सांग, म्हंजी मला माझी झाडं वाढवून ठिवता येतील."

"इचारायचं कशाला, तुला ठावंच हाय." नूरजहाँ आता चेष्टेत नव्हती. "शुक्रवारी आमच्या ह्यांच्या डोळ्याचं शिबिर हाय जुन्नरला. मोतीबिंदू. संगं मानूस असल्याबिगर घेत न्हाईत, सही लागती. मी लेकीला, आरफाला धाडनार व्हते, पन तिला नववा म्हैना लागलाय, तिला कुठं धाडू यष्टीनं? मी तर तुलाच इचारायचं म्हनत व्हते, पन अण्णाचं आजचं बोलनं ऐकलं आन तोंड मिटलं."

नूरजहाँचा नवरा चांद भांड्यांना कल्हई लावायचा. गावोगाव फिरायचा. आता भांड्याला कथील बसलं की नाही हे तो बोटाने चाचपून बघायचा, आणि बोटं भाजून घ्यायचा.

"मग ठरलं," बायडाबाई म्हणाली. "बुधवार तुझ्याकं, शुक्रवार माझ्याकं."

"साळुबाईला सांगायला लागंल."

"आत्ताच सांगू. मागनं कळलं तर ती दोघींनाबी धरंल."

दोघी उठून साळुबाईकडे गेल्या. साळुबाईने सगळं ऐकून घेतलं, तोंडातली मिश्री थुंकली आणि म्हणाली, "माझी ना न्हाई. अण्णानं काय सांगितलं? ओळ भरल्याली पायजे, बाई कोन त्याच्याशी घेनंदेनं न्हाई. सोळा जनींनी ऐकलंय. पन बायडे, तुझ्या ओळीत हात नूरजहाँचा असला तरी चिंधी तुझीच ऱ्हानार. घड बिघडला तर बोलनं तू खायचं."

"खाईन."

"आन हजेरीला तुझं नाव घेतलं की नूरजहाँनं हाय म्हनायचं. म्हंजी माझ्याकं खोटं काय ऱ्हायलं न्हाई."

सोमवारी बायडाबाईने आठ झाडं केली. मंगळवारी नऊ. नववं झाड संपलं तेव्हा दिवस डोंगराआड गेला होता आणि बाकीच्या बाया कालव्याच्या पुलावर पोचल्या होत्या. नूरजहाँ मात्र थांबली होती. बायडाबाईने तिला उद्याची चार झाडं एक एक करून दाखवली. "ह्या तिसऱ्याचं घड लांब हायेत, त्याला पाकळ्या जरा जास्त ठिव. आन हे शेवटचं रस्त्याकडचं. धुळीनं मनी दिसत न्हाईत, आधी पदरानं झटकून घे. माझी कात्री घे, तुझी बोथट झालीया."

नूरजहाँने कात्री घेतली, आणि आपली बोथट कात्री बायडाबाईच्या हातात ठेवली. "धार लावून आन. फुकट न्हाई द्यायची तुझी."

घरी सासू भागू उंबऱ्यात बसली होती. ऐंशीच्या घरातली. कान गेले होते, जीभ शाबूत होती. बायडाबाईने मोजणीसाठी चार दगड निवडून ठेवले होते. खुणेचे दगड, चुना, कुदळ सगळं अर्जदाराने आणायचं असतं. भागूने एकेका दगडावर हात फिरवला.

"मोठा दगड घे त्यातला. त्यो उपटाया दोन गडी लागलं पायजेत," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी बागेत हजेरी झाली. "बायडाबाई?" साळुबाईने पुकारलं. "हाय," नूरजहाँ म्हणाली. "नूरजहाँ?" "हाय." दोन-तीन बाया खुदकन हसल्या. अण्णा तेव्हा पहिल्या गाडीपासूनच रस्त्यावर मोजणीवाल्याची वाट बघत उभा होता, त्याला हे ऐकू गेलं नाही.

मोजणीदार साडेनवाच्या गाडीने आला, शिपायाला घेऊन. किडकिडीत, स्वेटर घातलेला माणूस. त्याने उतरल्या उतरल्या विचारलं, "अर्जदार कोण?"

"मी," बायडाबाई पुढे झाली.

अण्णाच्या तोंडावर जे काही उमटलं ते बघायला भागू तिथे हवी होती. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग बागेकडे. आज ओळीला कोण नाही हे बघायला तो निघालाच होता, पण मोजणीदाराने त्याला सहीसाठी थांबवलं.

चहा घ्या साहेब, मळ्यात बसा साहेब, असं अण्णाने दोनदा म्हणून बघितलं. मोजणीदार म्हणाला, "आधी काम." त्याने नकाशा उघडला आणि ओढ्याकाठचा, तीन गटांच्या हद्दी मिळतात तिथला जुना दगड शोधून काढला. तो बाभळीच्या मुळांत अर्धा बुजला होता. बायडाबाईने कुदळीने तो मोकळा केला. तिथे तिपाईवर मोजणीचा फळा मांडला गेला. शिपायाने झेंड्या रोवल्या. साखळी ओढायला दुसरा माणूस हवा होता. अण्णाची दोन माणसं हात बांधून उभी होती. बायडाबाईने साखळीचं टोक उचललं आणि पुढे चालू लागली.

दोन बाजू होईतो दुपार टळली. तिसरी बागेकडची. मोजणीदाराने फळ्यावरून डोळा लावला आणि झेंडी पुढे, आणखी पुढे, असं हाताने खुणावत राहिला. शिपाई अण्णाच्या तारेपाशी जाऊन थांबला.

"आत जा," मोजणीदार म्हणाला.

"आत बाग हाय साहेब," अण्णा म्हणाला.

"ती दिसतेय मला."

शिपाई तार वाकवून आत शिरला. मागून साखळी घेऊन बायडाबाई. दोघं मांडवाखाली वाकून चालत होती. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरी ओळ ओलांडून साखळी ताणली गेली आणि मोजणीदाराने हात वर केला. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधोमध. जवळजवळ तीस फूट आत.

बायडाबाई जिथे होती तिथेच उभी राहिली. म्हणजे गेली चार वर्षं ती रोज आपल्याच जमिनीवर मान मोडून उभी राहत होती, आणि ओळ मिळाली म्हणून अण्णाला राम राम घालत होती. तिला राग आला. आधी अण्णाचा, मग स्वतःचा. मग परत अण्णाचा, आणि तो मात्र टिकला.

मोजणीदार मागून आला तेव्हा अण्णा ओरडतच त्याच्या पुढे धावला होता. कडेच्या ओळीच्या अँगलपाशी तो थांबला. तिथे निळी चिंधी होती, शेजारच्या अँगलला नूरजहाँची हिरवी.

"हे बघा साहेब! हिनं आदीच निशान्या बांधून ठिवल्यात. कुनीकडनं मोजायचं ते ठरवून आलीय ही. ही मोजनी मला मान्य न्हाई!" त्याने निळी चिंधी ओढून तोडली आणि मोजणीदाराच्या नाकासमोर धरली.

मांडवाखाली कात्र्यांचा आवाज थांबला.

नूरजहाँ त्याच ओळीत होती, रस्त्याकडच्या शेवटच्या झाडापाशी. पदराने घड झटकत. चौथं झाड. ती बाहेर आली. तोंड धुळीने आणि मोरचुदाने माखलेलं होतं.

"साहेब, ती मोजनीची खून न्हाई. ती बायडाबाईच्या ओळीची चिंधी हाय. आमच्या सगळ्यांच्या हायेत, बघा की फुडं. सोळा हायेत. कुनाच्या ओळीत घड बिघडला ते कळावं म्हनून अण्णांनीच लावल्यात."

मोजणीदाराने मांडवाखाली वाकून बघितलं. खरंच, लांबपर्यंत अँगलांना चिंध्या होत्या. तो हसला, पण मिशीतल्या मिशीत. "ही कडेची ओळ कोणाची म्हणालात?"

"बायडाबाईची."

"ती तर इथे साखळी धरून उभी आहे."

"आज मी करतेय. तिचा दिवस मी, माझा दिवस ती."

अण्णाचा चेहरा लाल झाला. "कुनाला इचारून? बदली बाई कुनाला इचारून घातली?"

"तुमीच म्हनला व्हता," नूरजहाँ म्हणाली. "बाई कोन त्याच्याशी घेनंदेनं न्हाई, ओळ भरल्याली पायजे. भरलीय ओळ. मोजून घ्या. अकरा झाडं हायेत माझी, एक अर्धं ऱ्हायलंय, ते तुमच्या बोलन्यानं ऱ्हायलंय."

ती परत आत गेली आणि घड झटकू लागली.

मोजणीदाराने पंचनामा लिहिला. वस्तीवरचे गेणभाऊ पंच म्हणून आले, दुसरे पंच शेजारच्या गटाचे सावळेराम. अण्णाने सही केली नाही. "लगतधारकाने सही नाकारली" असं मोजणीदाराने खाली लिहिलं आणि बायडाबाईला समजावून सांगितलं की हा नकाशा झाला, ताबा नव्हे. अण्णा वर अपील करील, ताब्यासाठी तिला आणखी हिंडावं लागेल. "हिंडीन," ती म्हणाली. मग तिने भागूने सांगितलेला सगळ्यात मोठा दगड डोक्यावरून आणला, तिसऱ्या ओळीपलीकडे खड्डा घेतला, दगड रोवला आणि त्यावर चुना ओतला.

संध्याकाळी बाया सुटल्या तेव्हा अण्णा बागेच्या फाटकात उभा होता. बायडाबाई नूरजहाँची वाट बघत रस्त्यावर थांबली होती.

"बायडे, तुझी चिंधी सुटली. परत ह्या फाटकातनं आत पाय टाकायचा न्हाई," तो म्हणाला. मग नूरजहाँकडे वळला. "तुला आज सोडतो, कारन मनी थांबत न्हाईत. पन शुक्रवारी तुझी ओळ मला रिकामी दिसली तर तूबी गेलीस. बायांचं बोलनं येतंय माझ्या कानावर. समदं कळतंय मला, कोन कुनाचा दिवस भरनार हाय ते."

दोघी घराच्या रस्त्याला लागल्या. नूरजहाँची मान एका बाजूला वाकडी झाली होती, ती सरळ होत नव्हती. बायडाबाई तिच्या मानेला मागून अंगठ्याने दाबत चालत होती.

"शिबिर फुडच्या सालाला बी येतंय," नूरजहाँ म्हणाली.

"फुडच्या सालाला दुसरा डोळाबी जाईल त्यांचा."

"मग काय करू? ओळ सोडू? आरफाचं बाळंतपन तोंडावर आलंय, घरात येनारं हेच हाय. तू न्हाई आलीस तरी मी काय म्हननार न्हाई, बायडे. तुझ्यावर ऋन न्हाई. तुला आत येऊच देनार न्हाई त्यो, मग तू काय करशील? तू तुझं बोलनं मोडलं असं मी कधी म्हननार न्हाई."

बायडाबाई थांबली. तिला खरोखर संताप आला होता, आणि या वेळी तो नूरजहाँवर होता.

"तू अकरा झाडं केलीस ती काय मी सोडून द्यावी म्हनून केलीस? दिवसाला दिवस म्हनले व्हते मी. अण्णा बागेत येऊ देतो म्हनून म्हनले नव्हते. तू शुक्रवारी साडेसाताच्या यष्टीनं चांदभाईंला घेऊन जा. सही कर. माघारी बघू नको. आन उद्या तुझी झाडं वाढवून करू नको, मान बघ कशी झालीया. आता मला ओळच न्हाई, तर तुझी सातच्या सात मी करते."

"पन फाटकात..."

"फाटकाचं मी बघते. तू चांदभाईंचं बघ."

कालव्याच्या पुलावर आल्यावर नूरजहाँने बायडाबाईची कात्री परत द्यायला काढली. बायडाबाईने धार लावलेली तिची कात्री कमरेतून काढली, मग थोडा विचार करून ती परत कमरेला खोचली.

"तुझी शुक्रवारी मला लागंल. माझी ऱ्हाऊ दे तुझ्याकं, उद्या कशानं कापशील?"

गुरुवारी ती घरीच होती. भागू दिवसभर विचारत होती, आज कामाला का नाही. बायडाबाईने तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. म्हातारीला निम्मं ऐकू आलं असेल. ती म्हणाली, "त्याच्या फाटकातनं कशाला जातीस? आपल्या वावरात जायाला कुनी फाटक लावलंय?"

बायडाबाईने नूरजहाँची कात्री काढून तिची धार अंगठ्यावर बघितली.

शुक्रवारी सकाळी थंडी होती. साळुबाईची टोळी फाटकातून आत आली तेव्हा अण्णा आधीच येऊन बसला होता, बागेच्या कडेला खुर्ची टाकून. बाया आपापल्या चिंधीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या ओळीला, हिरव्या चिंधीपाशी, कुणी नव्हतं.

"घे हजेरी," अण्णा साळुबाईला म्हणाला. "सावकाश घे."

साळुबाईने नावं पुकारायला सुरुवात केली. दोन नावं झाली आणि तिचं लक्ष पलीकडे गेलं. बायडाबाई आपल्या वावरातून येत होती. ढेकळांतून, कमरेला कात्री, हातात भाकरीचं फडकं. अण्णाने ओढलेल्या तारेपाशी ती आली, परवा शिपायाने वाकवली होती तिथूनच वाकून आत शिरली, आणि दुसऱ्या ओळीत राहिलेल्या पहिल्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

अण्णा खुर्चीवरून उठला. "फाटकातनं यायचं न्हाई म्हनलं व्हतं ना तुला?"

"फाटकातनं आले न्हाई."

"कुनाच्या बागंत उभी हायेस तू?"

बायडाबाईने कात्री हातात घेतली आणि तिच्या टोकाने तिसऱ्या ओळीपलीकडच्या पांढऱ्या दगडाकडे दाखवलं. "झाडं तुमची असतील अण्णा. भुई माझी हाय. कोर्टात जायचं तर जा, मीबी येते. पन आज मी माझ्या कामाला न्हाई आले, भांडायलाबी न्हाई. आज मी दुसऱ्याच्या दिवसाला आलीया. ह्या सात झाडांतला एक घड बिघडला तर दाखवा."

अण्णाने साळुबाईकडे बघितलं. साळुबाईने मांडवाकडे बघितलं. घडांचे मणी परवापेक्षा फुगले होते, ते कुणालाही दिसत होतं. दोन दिवसांत विरळणी संपली नाही तर रविवारी बुडवायला काही उरणार नव्हतं. आणि दुसरी टोळी या दिवसांत जुन्नर तालुक्यात शोधून सापडली नसती.

"हजेरी थांबवू का अण्णा?" साळुबाईने विचारलं. "थांबवायची तर समद्यांचीच थांबवते. ओळ भरल्याली दिसतीय मला."

पंधरा बाया कात्र्या हातात घेऊन उभ्या होत्या. कुणी हसलं नाही, कुणी घडाला हातही लावला नाही. रस्त्यावरून साडेसाताची यष्टी गेली, धूळ उडवत. बायडाबाईने मान वळवून बघितलं. खिडकीशी चांद बसला होता, डोळे मिटून. त्याच्या पलीकडे नूरजहाँ असणार. ती दिसली नाही.

अण्णा खुर्चीवर परत बसला नाही.

साळुबाईने राहिलेली नावं घेतली. एक, दोन, तीन. मग ती थांबली, आणि अण्णाकडे बघत मोठ्याने म्हणाली,

"नूरजहाँ?"

"हाय," बायडाबाई म्हणाली, आणि तिने पहिला घड देठाला धरला.